सात मिनिटांच्या व्हॉइस नोटमधून दीडशे शब्दांचा परिचय

कंदर, शेटफळ, वाशिंबे, केत्तूर, कुगाव या उजनीच्या काठावरच्या गावांत गेल्या काही वर्षांत केळीचं काम वाढलं, तसे पॅकहाऊस आणि शीतगृहंही वाढली. त्यांत काम शिकलेली पोरं आता मुंबईच्या निर्यातदाराकडे किंवा आखातातल्या खरेदीदाराच्या इथल्या कार्यालयात नोकरी शोधतात. तिथला माणूस पहिलं वाक्य म्हणतो, ‘तुमचं लिंक्डइन पाठवा.’ प्रोफाइल उघडलेलं असतं, फोटोही लावलेला असतो, पण स्वतःविषयी लिहायची जागा कोरी राहते. लिहायला बसलं की हात अडतो. बोलायला सांगितलं की मात्र हीच पोरं थांबत नाहीत. म्हणून मी त्यांना लिहायला सांगतच नाही. ‘बांधावर बसून निवांत बोल आणि व्हॉइस नोट पाठव’ एवढंच सांगतो. त्या नोटचा नीट परिचय कसा करायचा, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरणातला तरुण कुणी एकटा नाही. या भागातल्या पाच-सहा जणांच्या बोलण्यातून आणि कामातून तो जुळवला आहे, त्यामुळे त्याला नाव दिलेलं नाही.

नोट सात मिनिटांची आहे. सुरुवात अशी होते :

‘सर, नमस्कार. आता कुठनं सुरुवात करू? आमचं मूळ गाव पाण्यात गेलं, तवा वडील शाळंत व्हते. मंग आम्ही वर येऊन ऱ्हायलो. ते काय, धरण मायनसमधी गेलं नव्हं, तवा आमचा ऊस जळला, आन् माझी डिप्लोम्याची शेवटची परीक्षाबी तवाच. मंग कारखान्यावर स्लिपबॉय म्हणून दोन सीझन काढलं, ते काय सांगण्यासारखं न्हाय. मंग पॅकहाऊसला लागलो, पयल्यांदा लोडिंगलाच. आता समदं आपल्याकडंच हाय. मागल्या सीझनला आम्ही दीडशे कंटेनर काढलं…’

मध्ये आईच्या दवाखान्याचं येतं, मोटरसायकलच्या हप्त्याचं येतं, एका मित्रानं दुबईला बोलावलं होतं ते येतं. आणि पाचव्या मिनिटाला, बोलून झालं असं वाटत असताना, तो म्हणतो :

‘एक सांगायचंच ऱ्हायलं सर. एकदा मालावर काळं डाग यायला लागलं. समदी म्हनत व्हती, औषधाचा दोष हाय. म्या सकाळधरनं बागंत जाऊन बसलो. पोरं घड कापून आणत व्हती आन् ट्रॅक्टरात एकावर एक टाकत व्हती. घासलेलं तवा दिसत न्हाय, पॅकहाऊसला येऊस्तवर काळं पडतंय. ट्रॅक्टरात गादी टाकायला लावली, दोन थरांच्या वर घड ठिवू दिला न्हाय. तवापास्नं रिजेक्शन बारा-तेराचं चार-पाचवर आलं.’

अशी नोट पहिल्यांदा ऐकताना हातात पेन घेऊ नये. लिहीत ऐकलं की सुरुवातीची दोन मिनिटं सविस्तर उतरतात, पुढचा माल घाईत निसटतो, आणि खरं सोनं बहुतेक वेळा पुढेच असतं. माणूस आधी तेच सांगतो, जे सांगायला हवं असं त्याला वाटतं : जन्म, गाव, वडील, शिक्षण. कामाचं बोलणं सुरू होतं ते या औपचारिक गोष्टी संपल्यावर. ‘एक सांगायचंच राहिलं’, ‘तसं काही विशेष नाही, पण’, ‘ते सोडा, एकदा काय झालं’ ही वाक्यं आली की कान टवकारावेत. त्यापुढचं बोलणं शब्दशः उतरून घ्यायचं.

दुसऱ्या वेळी नोट थांबवत थांबवत ऐकायची आणि पूर्ण लिहून काढायची. सात मिनिटांचे साधारण सात-आठशे शब्द होतात, म्हणजे वहीची तीन-चार पानं. फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करायची सोय आहे. एका फोनवर नोट वाजवून दुसऱ्यावर ती उतरवता येते, पण करमाळ्याकडची बोली आणि पॅकहाऊसमधले शब्द यांत ती चुकते. ‘फणी’चं ‘पाणी’ झालेलं दिसेल, गावांची नावं भलतीच उमटतील. शेवटी कान लावून तपासावंच लागतं. लिहिताना प्रत्येक मुद्द्यासमोर मिनिट-सेकंद टाकायचे. डागाच्या गोष्टीसमोर ४:५०, कंटेनरच्या वाक्यासमोर १:४०. पुढे शंका आली तर सगळी नोट पुन्हा ऐकावी लागत नाही. या टप्प्यावर भाषा सुधारायची नाही. ‘म्या बागंत जाऊन बसलो’ हे वाक्य ‘मी प्रत्यक्ष क्षेत्रभेट दिली’ असं लिहिलंत, तर तो किती वेळ बसला आणि काय पाहिलं हे विचारायचं तुम्हालाही सुचणार नाही.

आता नोटची खरी अडचण. बोलणारा आठवेल त्या क्रमानं बोलतो. वाचणाऱ्याच्या मनात मात्र प्रश्नांचा एक क्रम असतो, आणि तो जवळपास ठरलेला असतो. हा माणूस सध्या नेमकं काय करतो? कुठून कुठपर्यंतचं काम त्याच्या हाताखाली आहे? ते नीट करतो याची खूण काय? इथवर कसा आला? आणि त्याला माझ्याकडून काय हवंय? उतरवलेल्या पानांच्या पट्ट्या कापून या पाच प्रश्नांखाली लावायच्या. कात्रीनं खरोखर कापा. पडद्यावर ओळी वरखाली करताना मूळ क्रमाचा मोह सुटत नाही, कागदाचे तुकडे टेबलावर पसरले की तो सुटतो.

आपल्या तरुणाच्या पट्ट्या लावल्या, तेव्हा ‘इथवर कसा आला’ याखाली चौदा तुकडे जमले आणि ‘सध्या काय करतो’ याखाली एकच : ‘समदं आपल्याकडंच हाय.’ आपल्याकडच्या बहुतेक नोटांत हेच होतं. ज्याला रोज काम करायचं असतं, त्याला ते काम सांगण्यासारखं वाटत नाही. म्हणून दुसरं बोलणं करावं लागतं, आणि त्यात ‘तुझ्या कामाविषयी सांग’ असं विचारून उपयोग नाही. ‘काल सकाळी पॅकहाऊसला पोचल्यापासून कंटेनरला सील लागेपर्यंत तू काय काय केलंस?’ असं विचारायचं. मग एकेक निघतं. तो आदल्या दिवशी बागेत जाऊन कॅलिपरनं केळीची जाडी मोजतो आणि कोणत्या ओळी कापायला आल्या ते सांगतो. माल आला की घडाच्या फण्या सोडवणं, तुरटीच्या पाण्यात चीक धुणं, डागी केळी काढणं, वजन करून साडेतेरा किलोचा बॉक्स भरणं, या सगळ्या रांगेवर त्याची नजर असते. बॉक्स शीतगृहात गेल्यावर तो केळीच्या गरात तापमापी खुपसून तापमान पाहतो. गर तेरा-चौदा अंशांवर आल्याशिवाय कंटेनर भरू देत नाही आणि तेराच्या खाली जाऊ देत नाही, कारण थंडी लागलेल्या केळीची साल पुढे पिकताना मळकट होते. चाळीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे पंधराशे चाळीस बॉक्स बसतात, म्हणजे वीस टनांच्या वर माल. त्या मालाच्या कागदावर त्याची सही असते. ‘समदं आपल्याकडंच हाय’ या तीन शब्दांत एवढं होतं.

आता सालांचा गुंता. या भागात माणसं वर्ष आकड्यानं सांगत नाहीत, धरणाच्या पाण्यावरून सांगतात. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं जवळपास ६३ टीएमसी मृतसाठ्यात मोजतात. पाणी त्या रेषेखाली गेलं की धरण ‘मायनसमध्ये’ गेलं म्हणायचं. पण ‘धरण मायनसमधी गेलं तवा’ म्हणजे कधी? २०१६ च्या उन्हाळ्यात ते खोल मायनसमध्ये होतं, २०१९ मध्येही होतं आणि २०२४ मध्ये तर साठ टक्क्यांच्या आसपास उणे गेलं. एका खुणेवरून साल ठरवू नये. जोडीला दुसरी खूण मागावी : ‘तेव्हा लॉकडाऊन झालं होतं का? भीमेला ऑगस्टमध्ये पूर आला त्याच्या आधी की नंतर?’ तो म्हणाला, पुराच्या, म्हणजे २०१९ च्या, बऱ्याच आधी, आणि परीक्षेनंतर दोन सीझन कारखान्यावर गेले. म्हणजे २०१६. मग गुणपत्रिका मागवली, तिच्यावर मे २०१६ होतं. साल कागदाशी जुळल्याशिवाय परिचयात टाकू नये. मुलाखत घ्यायला बसलेला माणूस आधी सालांचा हिशोब करतो, आणि त्यात एक वर्ष इकडचं तिकडे झालं की पुढच्या चांगल्या गोष्टीवरही त्याचा विश्वास बसत नाही.

सालांइतकाच घोटाळा ‘आम्ही’चा. ‘आम्ही दीडशे कंटेनर काढलं.’ आपल्या बोलण्यात हा ‘आम्ही’ सौजन्याचा असतो. एकट्याचं श्रेय घेणं बरं दिसत नाही. वाचणारा मात्र गोंधळतो : दीडशे कंटेनर या माणसानं काढले, की पॅकहाऊसनं काढले आणि हा तिथे होता? म्हणून प्रत्येक ‘आम्ही’वर थांबून विचारायचं, ‘यातलं तुझ्या हातचं किती?’ इथे उत्तर निघालं की दीडशे पॅकहाऊसचे, दोन पाळ्या, आणि त्याच्या पाळीत सत्तरच्या आसपास. परिचयात सत्तरच लिहायचे. आकडा निम्म्यावर आला म्हणून काही जण नाराज होतात. त्यांना मी सांगतो की सत्तर कंटेनरच्या तपासणीपत्रांवर तुझी सही आहे, कुणी मागितली तर तू ती दाखवू शकतोस, दीडशेचं तसं नाही. उलटंही घडतं. डागाचं कारण शोधलं ते त्यानं एकट्यानं, तिथे ‘आमच्या टीमने’ लिहिण्याची गरज नाही.

डागाच्या गोष्टीवर जास्त वेळ घालवावा, कारण सगळ्या नोटमध्ये त्याचं डोकं कसं चालतं हे दाखवणारा तुकडा तोच आहे. सगळे औषधाला दोष देत होते, हा माल येण्याच्या वाटेवर उलटा चालत बागेपर्यंत गेला आणि कारण डोळ्यांनी पाहून आला. पण ‘बारा-तेराचं चार-पाचवर’ हे तसंच लिहू नये. आधी विचारायचं, हे टक्के कशाचे? पॅकहाऊसमध्ये निवडीत बाजूला काढलेल्या मालाचे, की परदेशात कंटेनर उघडल्यावर खरेदीदारानं नाकारलेल्या मालाचे? या धंद्यातला माणूस दोन्हींना रिजेक्शन म्हणतो, आणि दोन्हींचा अर्थ फार वेगळा आहे. इथे ते पॅकहाऊसमधल्या निवडीचे होते. मग विचारायचं, किती दिवसांचे, किती बागांचे? रजिस्टर आणायला सांगितलं. गादी टाकण्याआधीच्या तीन आठवड्यांची सरासरी अकरा टक्के निघाली, नंतरच्या तीन आठवड्यांची सहाच्या थोडी खाली. त्याच्या आठवणीतले बारा-तेरा आणि चार-पाच हे सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगल्या दिवसांचे होते. परिचयात रजिस्टरचा आकडा गेला. रजिस्टरच नसतं तर आकडा गाळून ‘बाजूला निघणारा माल स्पष्ट कमी झाला’ एवढंच लिहिलं असतं. गोष्ट तेवढ्यानंही उभी राहते.

इथेच एक खबरदारी. नोटेत तो शेतकऱ्यांची, खरेदीदारांची, मालकांची नावं सहज घेतो. परिचयात यांतलं एकही नाव जाऊ द्यायचं नाही. कोणाच्या बागेचा माल डागी निघाला हे त्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या दराशी निगडित आहे, आणि कोणता खरेदीदार किती माल उचलतो ही मालकाची गोष्ट आहे. रजिस्टरचे फोटोही प्रोफाइलला जोडू नयेत. मुलाखतीत कुणी खातरजमा मागितली तर मालकाला विचारून काय ते दाखवावं.

आता काय गाळायचं. हा भाग मनाला लागतो. ‘आमचं मूळ गाव पाण्यात गेलं’ हे उजनीकाठच्या जवळजवळ प्रत्येक नोटचं पहिलं वाक्य असतं. धरण १९८० ला पूर्ण झालं, म्हणजे आज तिशीतल्या तरुणांनी ते गाव पाहिलेलंही नाही, तरी त्यांची ओळख तिथूनच सुरू होते. मला त्या वाक्याबद्दल फार आदर आहे आणि तरीही केळीच्या कामासाठीच्या परिचयातून मी ते काढतो. मुंबईचा निर्यातदार ते वाचून हळहळेल, पण त्याला माणूस घ्यायचा की नाही हे त्यावरून ठरवता येणार नाही. शिवाय एवढ्या मोठ्या दुःखाला अर्धी ओळ देऊन पुढे कॅलिपरवर जाणं त्या दुःखालाही शोभत नाही. ते वेगळं, सविस्तर लिहावं.

पण हाच निर्णय कुंभारगाव-डिकसळच्या बाजूच्या, होडीतून पक्षी दाखवणाऱ्या माणसासाठी उलटा लागतो. त्याच्या होडीत बसणाऱ्याला या पाण्याखाली काय आहे, उन्हाळ्यात पळसदेवचं देऊळ कसं उघडं पडतं, हे त्याच्याच तोंडून ऐकायचं असतं. तिथे घरच्या आठवणी वर येतात. तरी त्यांच्याही आधी एक गोष्ट यायला हवी. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान होडी उलटून सहा जण बुडाले. तेव्हापासून होडीत बसणारा आधी लाइफ जॅकेट आहे का आणि एका होडीत किती जण बसवता हे विचारतो. रोहित पक्षी कोणत्या महिन्यांत दिसतात हा त्याचा पुढचा प्रश्न. असा परिचय बहुधा गूगलच्या नकाशावरल्या पानासाठी असतो. तिथे ७५० अक्षरांचीच मर्यादा आहे, त्यामुळे बाकीचं फोटोंवर सोडावं.

केळीवाल्याकडे परत येऊ. आईचा दवाखाना, मोटरसायकल, दुबईचा मित्र हे गळलं. ‘स्लिपबॉय म्हणून दोन सीझन’ हेही तो स्वतःच गाळायला सांगत होता, ते मात्र मी ठेवलं. साखर कारखान्याचा स्लिपबॉय म्हणजे ऊसतोड टोळ्यांमागे शिवारात फिरून कोणत्या फडातला ऊस कोणत्या गाडीत गेला याच्या चिठ्ठ्या ठेवणारा माणूस. आज तो बागेत कापणीच्या टोळ्या सांभाळतो आणि बॉक्सवर कोणत्या बागेचा माल हे लिहून ठेवतो. काम तेच आहे, पीक बदललं. आधीच्या कामाचा आजच्या कामाशी असा धागा जुळत असेल तर एक वाक्य द्यावं. जुळत नसेल तर ओढूनताणून जुळवू नये. ठिबकच्या दुकानात काढलेले चार महिने म्हणूनच वगळले.

लिहायला बसण्याआधी जागा पाहून घ्यावी. लिंक्डइनच्या परिचयाला २६०० अक्षरांची मर्यादा आहे, पण ती भरायची नाही. फोनवर पान उघडलं की पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं ‘आणखी पाहा’वर बोट ठेवलं तर उघडतं. म्हणून पहिल्या दोन वाक्यांत पद, ठिकाण आणि जबाबदारीची हद्द बसली पाहिजे. ‘लहानपणापासून शेतीची आवड’ हे पहिलं वाक्य झालं तर पुढचं कुणी उघडणार नाही. लिहून झालेला परिचय असा :

‘करमाळा तालुक्यातल्या केळी निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये मी गुणवत्ता पर्यवेक्षक आहे. कोणती बाग कधी कापायची हे ठरवण्यापासून कंटेनरला सील लागेपर्यंतचं काम माझ्या देखरेखीखाली चालतं.

गेल्या हंगामात माझ्या पाळीत सुमारे ७० कंटेनर भरले गेले. त्यांतल्या मालाची जाडी, डाग, वजन आणि गराचं तापमान यांची तपासणी मी केली. मालावर काळे डाग येऊ लागले तेव्हा सगळ्यांचा संशय फवारणीवर होता. मी कापणीच्या वेळी बागेत थांबून पाहिलं, तर ट्रॅक्टरमध्ये घड एकमेकांवर घासत होते. ट्रॅक्टरमध्ये गादी घातली आणि दोनच थर ठेवायचा नियम केला. पॅकिंगमध्ये बाजूला निघणारा माल तीन आठवड्यांत सरासरी ११ टक्क्यांवरून ६ टक्क्यांच्या आत आला.

२०१६ मध्ये कृषी पदविका घेतली. त्यानंतर दोन गळीत हंगाम साखर कारखान्यात स्लिपबॉय होतो. टोळ्यांबरोबर काम करणं आणि नोंदी चोख ठेवणं तिथे शिकलो. २०१८ मध्ये पॅकहाऊसला लोडिंगच्या कामावर लागलो, २०२० पासून गुणवत्ता तपासणी करतो आणि २०२२ पासून पर्यवेक्षक आहे. पॅकिंगच्या टोळीत बंगालची मुलं असल्यामुळे रोजचं काम हिंदीतून चालतं.

निर्यातदाराकडे किंवा खरेदीदाराच्या वतीनं माल तपासण्याचं काम शोधत आहे. सोलापूर, पुणे आणि जळगाव जिल्ह्यांत फिरतीची तयारी आहे.’

दीडशे शब्दांच्या आसपास झाला. यात मेहनती, प्रामाणिक, जिद्दी यांतलं एकही विशेषण नाही. त्यानं ती नोटेत तीनदा वापरली होती, पण डागाची गोष्ट वाचणाऱ्याला ती वेगळी सांगावी लागत नाहीत. ‘सदर क्षेत्रात कार्यरत’, ‘विविध पदांवर काम केल्याचा अनुभव’ असली अर्जाची भाषाही नाही. शेवटच्या परिच्छेदाला मात्र त्याचा विरोध होता. ‘काम शोधतोय असं उघड लिहिलं तर मालक काय म्हणंल?’ हा प्रश्न रास्त आहे. नोकरीत असताना आणि मालक तेच पान पाहत असताना ही ओळ अडचणीची ठरू शकते. अशा वेळी ‘काम शोधत आहे’ काढून ‘निर्यात मालाच्या तपासणीविषयी बोलायला आवडेल’ असं लिहावं. वाचणाऱ्याला समजायचं ते समजतं. पण काय हवंय हे सुचवणारं एक तरी वाक्य शेवटी ठेवावं, नाहीतर आवडलेल्या माणसाशी पुढे काय बोलायचं हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही.

इंग्रजीत हवा असेल तर तो या मराठी परिचयावरून करावा, व्हॉइस नोटवरून नाही. नोटवरून थेट इंग्रजीत गेलं की माणूस इंटरनेटवरची तयार वाक्यं उचलतो आणि गादीची गोष्ट गळून पडते. ‘कापणी’, ‘फणी’, ‘गराचं तापमान’ यांना पॅकहाऊसमधले इंग्रजी शब्द त्याला रोजचेच माहीत असतात, ते त्यालाच विचारावेत.

लिहिलेला परिचय त्याला वाचायला पाठवू नये, वाचून दाखवावा, म्हणजे आपण व्हॉइस नोट करून पाठवावी. वाचताना माणूस मान डोलावतो, ऐकताना अडतो. एकच विचारायचं : ‘यातलं कोणतं वाक्य पॅकहाऊसमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायला तुला अवघड जाईल?’ या तरुणानं दोन वाक्यं दाखवली. पहिल्या मसुद्यात मी ‘बाग कधी कापायची हे मी ठरवतो’ असं लिहिलं होतं. तो म्हणाला, ‘ठरवतो मालक, मी माप सांगतो. पण मी नको म्हणलं तर कापत न्हाईत.’ म्हणून ते ‘माझ्या देखरेखीखाली चालतं’ झालं. दुसरं, मी ‘बंगाली बोलतो’ लिहिलं होतं. नोटेत तो म्हणाला होता, ‘त्यांच्याशी जमतंय आपलं.’ जमतं ते हिंदीत, बंगाली त्याला चार शब्दच येतात. मुलाखतीला कुणी बंगाली माणूस बसला असता तर तिथेच पंचाईत झाली असती.

मूळ नोट पुसू नये. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ती आज ना उद्या जागेसाठी उडवली जाते, म्हणून फोनच्या फोल्डरमध्ये तारीख टाकून वेगळी ठेवावी, शेजारी उतरवलेली पानंही. पुढच्या हंगामानंतर त्याच बांधावर बसून दुसरी नोट करायला सांगावी, पण या वेळी एकाच प्रश्नावर : ‘या वर्षी काय बिघडलं आणि ते तू कसं शोधलंस?’ मग परिचयातला दुसरा परिच्छेद तेवढा बदलायचा, आकड्यासाठी रजिस्टर पुन्हा उघडायचं, आणि बाकीचं तसंच ठेवायचं.